जॅकेटची चेन बिघडली? आधी रनर बदलून पाहा

जॅकेटची चेन लावली, रनर गळ्यापर्यंत नेला, आणि खाली पोटाशी चेन उघडीच! असं झालं की बहुतेक जण जॅकेट उचलून शिंप्याकडे जातात आणि शिंपी सांगतो, "पूर्ण चेन बदलावी लागेल." त्याच्या बाजूने हे सोपं असतं. जुनी चेन उसवायची, नवी लावून टीप मारायची, दिवसभर तेच काम असल्याने हातही बसलेला असतो. पण जॅकेटच्या चेनला आतून अस्तर, बाहेरून वाऱ्यासाठी पट्टी आणि वर कॉलर असते. तिथे पूर्ण चेन बदलताना तीन-चार थर उसवावे लागतात, पुन्हा शिवताना कॉलर जरा तरी वाकडी होते आणि मजुरी शेकड्यांत जाते. रनर मात्र थोडक्या रुपयांत मिळतो आणि घरी बसून अर्ध्या-पाऊण तासात बदलता येतो.

चेनचे दात क्वचितच झिजतात, झिजतो तो रनर. तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्याला वर आणि खाली अशा दोन पाट्या असतात आणि समोर मधोमध त्यांना जोडणारी पाचर असते. रनर वर जातो तेव्हा दोन्ही बाजूंचे दात समोरच्या दोन तोंडांतून आत येतात आणि मागच्या एकाच तोंडातून एकमेकांत अडकून बाहेर पडतात. दात अडकतात ते या पाट्या त्यांना दाबतात म्हणून. वर्षानुवर्षं ओढाताण झाली, धूळ घासली, की मागच्या तोंडाशी पाट्यांमधली फट वाढते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाढली तरी पुरते. दात तिथून जातात खरे, पण एकमेकांत बसत नाहीत. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत भर म्हणून रनरवर पांढरट पापुद्रा धरतो आणि तो आतूनही खरखरीत होतो.

दोष रनरचाच आहे ना?

रनर विकत घ्यायच्या आधी ही खात्री करून घ्यावी. चेन पूर्ण उघडून दोन्ही पट्ट्या उजेडात धरा आणि बोट फिरवत दात तपासा. एखादा दात गळालेला असेल, नायलॉनची कॉइल पट्टीपासून सुटून लोंबत असेल किंवा मध्येच चपटी झाली असेल, तर रनर बदलून काही होणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळाची जागा. जॅकेटची चेन दोन भागांत सुटते. एका पट्टीच्या तळाशी पिन असते, दुसरीच्या तळाशी ती पिन बसायची डबी. पिनेजवळचं कापड विरलं असेल आणि पिन डुगडुगत असेल, किंवा डबीला तडा गेला असेल, तर चेनच बदलावी लागते. तिथे धागे बांधून किंवा गोंद लावून केलेली डागडुजी चार दिवसही टिकत नाही.

दात आणि तळ दोन्ही ठीक असतील तर पक्कड घेऊन एक चाचणी करा. रनर अगदी खाली, डबीला टेकवून ठेवा. त्याच्या मागच्या, म्हणजे तळाकडच्या तोंडाच्या दोन्ही कडा एकेक करून अगदी हलक्या दाबा, जेमतेम जाणवेल एवढंच. आता चेन लावून पाहा. एरवी उघडी राहणारी चेन या वेळी नीट लागली तर दोष रनरचाच. बरेच जण इथेच थांबतात आणि दुरुस्ती झाली असं समजतात. पण दाबलेली धातू काही आठवड्यांत पुन्हा पसरते, आणि दोन-तीनदा दाबली तर कड तुटते. त्यामुळे पक्कड ही निदानापुरती, किंवा प्रवासात अडलंच तर घरी पोहोचेपर्यंतची सोय म्हणून वापरावी.

रनर वरच जात नाही, जागोजागी अडतो, अशी तक्रार असेल तर ती वेगळी आहे. तिथे आधी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात दात घासा, वाळवा, मग मेणबत्ती दातांवरून फिरवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नेमका कोणता रनर हवा

काम फसतं ते बसवताना कमी आणि चुकीचा रनर आणल्याने जास्त. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: चेनचा प्रकार, नंबर आणि रनरचं कुलूप.

प्रकार दातांवरून कळतो. नायलॉनची चेन म्हणजे दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी बारीक सलग कॉइल. दुसरी प्लास्टिकच्या जाड, सुट्या दातांची, जी जाड हिवाळी जॅकेटांना आणि लहान मुलांच्या कपड्यांना असते. तिसरी धातूची, म्हणजे जीन्सच्या आणि चामडी जॅकेटांची. तिन्हींच्या रनरची आतली खाच वेगवेगळ्या आकाराची असते. नंबर तोच असला तरी नायलॉनचा रनर प्लास्टिकच्या दातांवर चालत नाही. एक तर चढतच नाही, किंवा चढून दात सोडून देतो.

नंबर ठरतो तो चेन लावलेली असताना दातांची रुंदी किती मिलिमीटर भरते त्यावरून. मोजपट्टी धरून मोजा: चार-साडेचार मिमी भरली तर 3 नंबर, सहाच्या आसपास 5 नंबर, सात ते आठ असेल तर 8 आणि नऊ-दहा असेल तर 10. रोजच्या जॅकेटांमध्ये 5 नंबर सर्वांत जास्त दिसतो. जुना रनर उलटा करून पाहिला तर पाठीवर नंबर आणि एखादं अक्षर उठवलेलं असतं. जपानी वायकेके कंपनीच्या रनरवर C हे अक्षर कॉइलसाठी आणि V प्लास्टिकच्या दातांसाठी असतं. पाठ घासून गुळगुळीत झाली असेल तर मोजमापच खरं.

तिसरी गोष्ट कुलुपाची. जॅकेटच्या पुढच्या चेनला स्वतः अडकून राहणारा रनर लागतो, नाहीतर चालताना चेन हळूहळू खाली सरकते. हा रनर ओळखायला सोपा आहे. पुलर आडवा पाडून ठेवा आणि मागच्या तोंडातून आत डोकावा. पाटीतून एक बारीक टोक खाली आलेलं दिसेल. पुलर उचलला की ते टोक आत जातं. टोकच नसेल तर तो बॅगेचा बिनकुलपी रनर आहे, तो जॅकेटला घेऊ नका.

आता नायलॉनच्या चेनमधला एक सापळा, ज्यात पावसाळी जॅकेट आणि विंडचीटरवाले हमखास अडकतात. साध्या नायलॉनच्या चेनमध्ये कॉइल बाहेरच्या बाजूला दिसते आणि पुलरही त्याच बाजूला असतो. पण पाणी आत जाऊ नये म्हणून केलेल्या चेनमध्ये कॉइल आतल्या बाजूला असते, बाहेरून फक्त सपाट पट्टी दिसते आणि पुलर त्या सपाट बाजूला असतो. याला उलटा रनर लागतो. दुकानात नुसतं "5 नंबर नायलॉनचा रनर द्या" म्हटलं तर साधाच हातात पडतो. तो उलट्या चेनवर चढवला तर पुलर जॅकेटच्या आत जातो, किंवा बाहेर ठेवायचा अट्टहास केला तर कॉइल खाचेत बसतच नाही. म्हणून जॅकेट सोबत न्यावं, निदान दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो तरी. रनर शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतात, पण रस्त्याकडेला बसणाऱ्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे कधी कधी जास्त प्रकार असतात, डब्यात जुने-नवे सगळे मिसळलेले. एकाऐवजी दोन घ्या. किंमत थोडी असते आणि एखाद्या रनरचं ओतकाम खराब निघणं नवल नाही.

उदाहरणाला एक जॅकेट

पुण्यात दुचाकीवर घालायचं एक काळं जॅकेट घेऊ. पुढची चेन नायलॉनची, कॉइल आतून, मोजल्यावर सहा मिमी, म्हणजे 5 नंबर, उलटी, कुलूपवाली. चेन लावली की छातीशी उघडते, तळाची पिन आणि डबी शाबूत आहेत. लागणारं सामान असं: नवा रनर, टाके उसवायचं हत्यार किंवा छोटं ब्लेड, टोकदार कात्री, चिमटा, पक्कड, जाड पॉलिएस्टर दोरा आणि सुई.

चेन पूर्ण उघडा. रनर डबीच्या पट्टीवर राहतो. काम याच पट्टीवर करायचं आहे, पिनेच्या पट्टीला हात लावायचा नाही. काही जण तळाकडून डबी काढून रनर बाहेर घेऊ पाहतात. हे कधीच करू नका. डबी एकदा निघाली की घरच्या साधनांनी पुन्हा तशी बसत नाही. रनर नेहमी वरून, म्हणजे गळ्याकडून निघतो.

वरच्या टोकाला शेवटच्या दाताशी स्टॉपर असतो. धातूची बारीक चाप किंवा वितळवून घट्ट केलेला प्लास्टिकचा गोळा. जॅकेटमध्ये तो बहुतेक वेळा कॉलरच्या शिवणीत लपलेला असतो आणि पट्टीचं टोक अस्तर आणि बाहेरचं कापड यांच्यामध्ये दुमडलेलं असतं. इथे घाई करू नये. पट्टीचं टोक मोकळं होईल एवढेच, दोन-तीन सेंटीमीटर टाके उसवा. सुरुवात आणि शेवट कुठे होता ते खडूने खूण करून ठेवा, किंवा आधी मोबाइलवर फोटो काढा. पट्टी कशी दुमडली होती हे शिवताना फोटोतच सापडतं.

स्टॉपर धातूचा असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने चाप उघडून काढा. प्लास्टिकचा असेल तर पक्कडीने चिरडून किंवा कटरने थोडा थोडा छाटून काढा. पट्टीचा धागा कापला जाऊ नये एवढं लक्ष ठेवा. आता जुना रनर वर सरकवून बाहेर काढा. कुलूपवाला रनर असल्याने पुलर उचलून धरूनच सरकवायचा, नाहीतर आतलं टोक कॉइल खरवडत जातं. जुना रनर फेकू नका, नवा कोणत्या बाजूने धरायचा हे त्याच्याकडे बघून ठरवायचं आहे.

नवा रनर घालण्याआधी पट्टीचं टोक नीट करा. धागे विस्कटले असतील तर पट्टी तिरकी कापून टोक निमुळतं करा आणि कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरा. पॉलिएस्टर वितळून कड बंद होते. कॉइलचं टोक वर उभं राहिलं असेल तर ते पूर्ण वेटोळ्यावर छाटा, अर्धं वेटोळं राहिलं की ते खाचेत अडतं.

आता रनरची दिशा. दोन तोंडांची बाजू वर, गळ्याकडे. एक तोंडाची बाजू खाली, तळाकडे. पुलर जॅकेटच्या बाहेरच्या बाजूला. पट्टीचं वरचं टोक रनरच्या खालच्या एक तोंडातून आत जाईल आणि वरच्या दोन तोंडांपैकी आपल्या बाजूच्या तोंडातून बाहेर येईल. रनर डाव्या पट्टीवर असेल तर डावं तोंड, उजव्या पट्टीवर असेल तर उजवं. पुलर उचलून धरा, पट्टीचं टोक खालून आत ढकला, वरून चिमट्याने पकडा आणि हळूच ओढा. कॉइल खाचेत गेली की ओढताना एकसारखा हलका विरोध जाणवतो. अजिबात विरोध नसेल तर फक्त कापड गेलंय, कॉइल बाहेर राहिली आहे. खूप विरोध असेल तर नंबर किंवा प्रकार चुकला आहे. दोन्ही वेळा बाहेर काढून पुन्हा पाहावं, जोर लावू नये. नीट चढला की तसाच डबीपर्यंत खाली न्या.

शिवायच्या आधी चाचण्या

वरचा भाग अजून उसवलेलाच ठेवायचा. आधी पिन रनरच्या रिकाम्या खाचेतून खाली डबीत घाला. ती तळापर्यंत जायला हवी. एक मिलिमीटर जरी वर राहिली तरी दोन्ही बाजूंचे दात एका दाताने मागेपुढे अडकतात आणि वर कॉलरची टोकं खाली-वर दिसतात. नव्या रनरबाबत ही तक्रार झाली की बरेचदा दोष रनरचा नसून पिन पूर्ण न गेल्याचा असतो.

मग रनर सावकाश वर न्या, पण शेवटपर्यंत नको. वर स्टॉपर नाही, एक इंच राहू द्या, नाहीतर तो हातात येईल. लागलेली चेन दोन्ही बाजूंना धरून आडवी ओढा. मग ती बोटावर वळवून बाहेरच्या वळणावर दात सुटतात का ते बघा. छातीशी चेन उघडायची ती इथेच, कारण बसल्यावर जॅकेट तिथे वळतं. शेवटी रनर मधोमध ठेवून पुलर सोडा आणि दोन्ही पट्ट्या बाजूला खेचा. कुलूप धरत असेल तर रनर जागचा हलणार नाही. खाली सरकला तर दुसरा रनर लावून पाहा. दोन घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

वर-खाली काही वेळा फिरवून सगळं ठीक वाटलं की मगच शेवट करायचा.

स्टॉपर आणि शिवण

रनर वरून निघून येऊ नये म्हणून नवा स्टॉपर हवा. धातूच्या चापा शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतात. शेवटच्या दाताला लागून पट्टीच्या कडेवर चाप ठेवायची आणि पक्कडीने घट्ट दाबायची. नसल्या तर दोऱ्यानेही काम पक्कं होतं आणि नायलॉनच्या चेनवर मला तोच उपाय अधिक आवडतो, कारण तो कॉलरला टोचत नाही. दुहेरी दोऱ्याला मेण लावा, पट्टीच्या कडेवर शेवटच्या कॉइलच्या लगेच वर एकाच जागी आठ-दहा घट्ट वेढे घाला आणि मग त्याच वेढ्यांतून सुई काढून गाठ मारा. ही गाठ रनरच्या तोंडात शिरणार नाही एवढी जाड हवी. रनर वर नेऊन आपटून बघा.

स्टॉपर कोणत्या उंचीवर, हे मनाने ठरवू नका. चेन लावून समोरच्या पट्टीचा स्टॉपर जिथे आहे त्याच्या अगदी समोर खूण करा. इथे फरक पडला तर कॉलरची एक बाजू उंच राहते. आणि पूर्वी पट्टी तिरकी कापताना वरचे दोन-तीन दात कमी झाले असतील, तर स्टॉपर तेवढा खाली येईल. मग समोरच्या बाजूलाही तेवढ्याच उंचीवर दोऱ्याचा स्टॉपर घाला.

आता पट्टीचं टोक फोटोत होतं तसं दुमडून अस्तराच्या आत सारा आणि उसवलेली शिवण बंद करा. मशीन असेल तर जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच टीप मारा. जलरोधक कापडावर नवी भोकं पाडली की तिथून पाणी शिरतं. हाताने शिवायचं तर धावदोरा नको, उलटी टीप घाला. कॉलरजवळ रोज ओढ बसते आणि धावदोरा एका जागी तुटला की सगळा सुटत जातो.

काही वेगळ्या चेनी

लांब जॅकेटांना कधी दोन रनर असतात, खालून उघडायचा एक आणि वरून लावायचा एक. तिथे दोन्ही रनर वरूनच निघतात आणि वरूनच चढतात, फक्त क्रम आणि दिशा सांभाळायची. आधी खालचा रनर चढवायचा, दोन तोंडांची बाजू खाली ठेवून. मग वरचा, दोन तोंडांची बाजू वर ठेवून. म्हणजे दोघांच्या एक तोंडाच्या बाजू एकमेकांकडे येतात आणि चेन त्या दोघांच्या मध्ये बंद राहते. खालचा रनर डबीचं कामही करतो, त्यामुळे तो शाबूत असेल तर काढू नका, फक्त वरचा बदला.

धातूच्या चेनला पद्धत तीच, पण वरचा स्टॉपर काढताना शेजारचा दात वाकवू नये. चुकून वाकलाच तर तो बारीक पक्कडीने सरळ करता येतो, प्लास्टिकच्या दाताबाबत ते शक्य नाही. बसवल्यावर धातूच्या दातांवर पेन्सिलीचं शिसं घासा, प्लास्टिक आणि नायलॉनवर मेण.

स्क्रूने घट्ट करायचे, कुठूनही चेनवर बसणारे तयार रनरही ऑनलाइन मिळतात. सहलीला निघताना बॅगेत एखादा असू द्या, उसवण्याची गरज पडत नाही. पण ते जाड असतात, छातीशी टोचतात आणि साध्या रनरपेक्षा बरेच महाग पडतात. घरी उसवायला हत्यार आहे तोवर त्यांचा उपयोग तात्पुरताच.

जुनं जॅकेट किंवा बॅग भंगारात द्यायची असेल तर तिचे रनर काढून ठेवा. पाठीवर नंबर वाचता येत असेल आणि मागच्या तोंडाच्या पाट्या समांतर असतील, तर पुढच्या वेळी बाजारात जावं लागणार नाही.